तीन मिनिटं तुमची

सकाळचे सव्वाआठ. दिवाळीची सुट्टी संपून दोन आठवडे झालेत. मैदानातल्या कडुलिंबाखालचा पालापाचोळा अजून दवाने ओला आहे. फाटकातून लोक आत येतात ते जरा दबकतच. मफलर गुंडाळलेला एक बाप मोटारसायकल भिंतीला लावतो, मग काय वाटतं कोण जाणे, ती पुन्हा काढून झाडाखाली नेतो. दोन बायका पायरीशी थांबल्यात. चप्पल इथंच काढायची की वर न्यायची, हे एकमेकींना विचारतात. शाळेत पाऊल ठेवलं की मोठ्या माणसांचंही असं होतं.

सहावी अ चा वर्ग पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. दारावर हाताने आखलेला कागद आहे. डावीकडे वेळ, उजवीकडे मुलाचा हजेरी क्रमांक. नावं नाहीत. कुणाला किती वाजता बोलावलंय हे दुसऱ्याने वाचायचं कारण नाही, असं वर्गाच्या बाईंचं म्हणणं. ८.३०, ८.४०, ८.५० अशा वेळा खाली उतरत जातात. सहा झाल्या की एक ओळ कोरी. पुन्हा सहा, पुन्हा कोरी.

मी आज इथे नोंदी लिहायला आले आहे. शिकवण्यातून मोकळी होऊन मला चार वर्षं झाली. आमच्या वेळी पालकांना सरसकट ‘दहा वाजता या’ असा निरोप जायचा आणि मग दारापासून जिन्याच्या खालपर्यंत रांग लागायची. पहिल्याला वीस मिनिटं मिळायची, शेवटच्याला दीड. रोजंदारी बुडवून आलेली माणसं दोन-दोन तास उभी राहायची. आपल्या पोराचं चाललंय कसं, ते न कळताच परत जायची. ती रांग अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून या बाईंनी ‘येता का’ विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं.

वर्गात बाकं भिंतीला सरकवली आहेत. मधे एकच टेबल. त्याच्या एका बाजूला बाईंची खुर्ची. दुसरी खुर्ची समोर नाही, कोपऱ्याला लागून आहे. समोरासमोर बसलं की मधलं टेबल आडवं येतं. कोपऱ्यावर बसलं की एकच वही दोघांना वाचता येते. भिंतीवरचं घड्याळ काल संध्याकाळी शिपाई मामांनी फळ्यावरून काढून बाजूच्या भिंतीवर लावलंय. आता ते दोन्ही खुर्च्यांवरून दिसतं. बाईंना मनगटाकडे पाहावं लागत नाही. पालकांनाही वेळ लपवल्यासारखं वाटत नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात दोन बाकं ठेवली आहेत. दारापासून दहा पावलं लांब. तिथवर आतलं बोलणं पोहोचत नाही. मी ते सकाळीच पाहून आले.

बाईंच्या पुढ्यात पत्त्यांच्या कॅटसारखी कार्डं आहेत. अर्ध्या पानाचं एक कार्ड, एका मुलाचं. वर्गात मुलं बेचाळीस. प्रत्येकी दहा मिनिटं म्हणजे सरळ सात तास. एका दिवसात हे जमत नाही. बाराव्या-तेराव्या पालकानंतर ऐकणाऱ्याचं डोकं बधिर होतं, मी स्वतः अनुभवलंय. म्हणून आज एकवीस, पुढच्या शनिवारी एकवीस. एकविसाचे साडेतीन तास. त्यात तीन कोऱ्या ओळींची तीस मिनिटं. साडेआठला सुरू केलं की साडेबाराला संपतं. मोकळ्या ओळीत कुणी उशिरा आलेला बसवता येतो. कुणीच नाही आलं तर बाईंनी पाणी प्यायचं, पाय मोकळे करायचे.

कार्डावर चार चौकटी. हजेरी. चांगलं काय दिसलं, कधी दिसलं. अडतंय कुठे, वहीचं कोणतं पान. आणि शेवटी, पालकांना विचारायचा एक प्रश्न. चारांपेक्षा जास्त काही नाही. एक कार्ड भरायला सहा-सात मिनिटं लागतात. गेले पंधरा दिवस रोज संध्याकाळी तीन-तीन कार्डं भरली, म्हणून आज ही दहा मिनिटं पुरणार आहेत.

आठ एकोणतीस. जिन्यावर पावलं वाजतात.

पहिले एक वडील. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. बसायच्या आत बोलायला लागतात. ‘अ-दोन कशी काय आली मॅडम? अ-एक का नाही?’

प्रगतिपुस्तक त्यांच्या हातात आहे. परवा गुरुवारीच ते मुलांबरोबर घरी गेलं. सही करून आज घेऊन यायचं. ही बाईंच्या आखणीतली सगळ्यात शहाणी गोष्ट. पूर्वी आम्ही निकाल याच खुर्चीवर हातात ठेवायचो. पुस्तक उघडलं की माणूस बोटाने खाली-खाली जायचा आणि आपण काय बोलतोय ते त्याच्या कानातच शिरायचं नाही. निम्मा वेळ आकडे वाचण्यात संपायचा. आता राग असेल, आनंद असेल, तो दोन दिवस घरात मुरून आलेला असतो. आज आकडा ही बातमी नाही.

बाई उत्तर देतात, पण थोडक्यात. ‘अ-दोन म्हणजे एक्याऐंशी ते नव्वद. त्याला अठ्ठ्याऐंशी आहेत. बसा ना. आपल्याकडे दहा मिनिटं आहेत. आधी मी एक सांगते, मग पुढची तीन मिनिटं तुमची.’

हे वाक्य त्या आज एकवीस वेळा म्हणणार आहेत.

पहिलं मिनिट त्यांचं. त्या मिनिटात त्या ‘हुशार आहे’, ‘गुणी आहे’ असलं काही म्हणत नाहीत. गेल्या बुधवारी काय पाहिलं ते सांगतात. विज्ञानाच्या तासाला लोहचुंबकाचा प्रयोग फसला. बाकीची मुलं हसली. हा उठला आणि टाचण्या बदलून पाहिल्या, आधीच्या पितळेच्या निघाल्या. वडील गप्प होतात. हे त्यांना माहीत नव्हतं. बारा वर्षांचा मुलगा घरी येऊन हे सांगत नाही. आपलं पोर या बाईंनी खरंच पाहिलंय, एवढं त्यांना कळतं आणि खांदे जरा खाली येतात.

मग तीन मिनिटं ते बोलतात. त्यातली दोन शिकवणीबद्दल. बाई मधे बोलत नाहीत. मला लिहिताना जाणवतं, माझीच जीभ दोनदा वळवळली. शिक्षकाला गप्प बसणं फार जड जातं. पालकाने काही चुकीचं म्हटलं की लगेच दुरुस्त करावंसं वाटतं. बाई फक्त मान हलवतात आणि कार्डाच्या मागे दोन शब्द टिपतात.

आठव्या मिनिटाच्या शेवटाला दारावर हलकी टकटक. शिपाई मामा. आत डोकावत नाहीत, काही बोलत नाहीत. बोटाच्या पेराने दोनदा, एवढंच. ती ठरलेली खूण आहे. या टकटकीनंतर नवा विषय काढायचा नाही. जे ठरलं ते लिहायचं आणि उठायचं.

आठ एकोणचाळीसला ते उठतात. शिकवणीचा प्रश्न तसाच राहिला आहे. पण रविवारी विज्ञानाचं प्रदर्शन दाखवायला नेतो, असं स्वतःहून म्हणाले आहेत आणि ते मी चिठ्ठीत लिहिलं आहे.

व्हरांड्यात आता सात-आठ जण. ऊन कठड्यावरून आत उतरलंय. एक आजी बाकावर मांडी घालून बसल्यात. नातवाचं प्रगतिपुस्तक पदराखाली धरलंय, कुणी मागेल म्हणून. पलीकडे तिसरीच्या वर्गापुढेही असाच कागद. तिथून निघालेली एक बाई धावत इकडे येते, धापा टाकत बाकावर टेकते आणि कळतं की तिला अजून पाच मिनिटं आहेत. तिची धाकटी तिसरीत, थोरला सहावीत. दोन वर्गांच्या बाईंनी शाळा सुटल्यावर बसून भावंडांच्या वेळा जुळवल्या. नाहीतर हिला सकाळी साडेआठला एकदा आणि बाराला एकदा यावं लागलं असतं.

वेळा कुणी मनाने ठरवल्या नाहीत. पंधरा दिवस आधी प्रत्येक घरी एक चिठ्ठी गेली. त्यात दोनच गोष्टी विचारल्या. कोणती वेळ बरी पडेल? आणि आम्हाला काय विचारायचंय? बेचाळीसपैकी छत्तीस परत आल्या. शेतावर जाणाऱ्यांनी नवाच्या आतली वेळ मागितली, वाडीवरून येणाऱ्यांनी दहाच्या एसटीनंतरची. दुसऱ्या प्रश्नापुढे बहुतेकांनी ‘काही नाही’ लिहिलंय. एकाने लिहिलंय, ‘तो घरी बोलत नाही, शाळेत बोलतो का?’ बाईंनी त्या चिठ्ठीला लाल रेघ मारून ठेवली आहे.

नऊ वीस. खुर्ची रिकामी. बाई दोन मिनिटं वाट पाहतात, मग झालेल्या कार्डांवरून एकदा नजर फिरवतात. नऊ बत्तीसला दारात एक तरुण बाप. घामेजलेला. एसटी चुकली, दुसऱ्याच्या गाडीवर बसून आलाय. ‘माझी वेळ गेली का?’

‘गेली, पण पुढची मोकळी आहे. या.’

त्याची आठच मिनिटं होतात आणि तीही नीट होतात. मागचा कुणी ताटकळत नाही. दारावरच्या कागदावरची ती कोरी ओळ मला सकाळी फुकट गेलेली वाटली होती.

दहा वाजून नऊ मिनिटं. पत्रा तापायला लागलाय. वर कुठेतरी तो टणकन वाजतो. पंखा फिरतो, पण वारा टेबलापर्यंत येत नाही. बाई पुढचं कार्ड वर घेतात आणि माझ्याकडे सरकवतात. हजेरी अठ्ठ्याण्णवपैकी चौऱ्याऐंशी. वाचन स्वच्छ. अपूर्णांकांची बेरीज चुकते. शेवटच्या चौकटीतला प्रश्न, ‘घरी अभ्यासाला बसते का?’

आई येते. हिरवी साडी, पायांना माती. मागे दारात मुलगी, कडेवर दोन-अडीच वर्षांचा भाऊ. बाई मुलीला म्हणतात, ‘तू जरा बाहेर बस, मी हाक मारते.’ भाऊ दाराची कडी धरून बसलाय, ती सोडवून नेते.

पहिलं मिनिट. परवा परिपाठात मुलीने बातम्या वाचल्या. एका शब्दाला अडली. शब्द गिळून पुढे गेली नाही, थांबली, अक्षरं जुळवली आणि नीट वाचला. ‘मला फार बरं वाटलं बघा,’ बाई म्हणतात. आई हसते, पदराने कपाळ पुसते.

‘आता तुम्ही सांगा. घरी आल्यावर शाळेचं काय काय सांगते?’

कार्डावरचा प्रश्न हा नव्हता. तो त्यांनी गिळला, मला दिसलं. ‘अभ्यासाला बसते का’ असं विचारलं की त्याचं उत्तर हो किंवा नाही आणि दोन्हींत आई आरोपीच्या पिंजऱ्यात. काय सांगते म्हटलं की बोलणं सुरू होतं.

पहिलं अर्धं मिनिट आई काहीच बोलत नाही. घड्याळाचा काटा ऐकू येतो. मग म्हणते, सांगते की, गाण्याचं सांगते, मैत्रिणींचं सांगते. ‘मंगळवारी मातर गप असती.’

‘मंगळवारी?’

‘सोमवारी बाजार असतोय न्हवं. मी भाजी घेऊन जाती. सासूबाई होत्या तवर बारक्याला बघायच्या. आता त्या थोरल्या दिरांकडं गेल्यात. मग हीच ऱ्हाती घरी. मंगळवारी शाळेतनं आली की म्हनती, काल काय झालं ते कळतच न्हाई.’

बाई काही बोलत नाहीत. खालच्या कप्प्यातून हजेरीपत्रक काढतात. महिन्याच्या पानावर आडव्या रांगेत मुलांची नावं, उभ्या घरांत तारखा. रविवारची घरं लाल शाईने आखलेली. बाई मुलीच्या ओळीवर पट्टी ठेवतात आणि बोट सरकवतात. जुलै. गैरहजेरीची खूण लाल घराच्या लगेच शेजारी. पुढची लाल रेघ, तिच्याही शेजारी. ऑगस्ट. पुन्हा तिथंच. चौदा गैरहजेऱ्यांपैकी अकरा लाल रेघेला चिकटलेल्या.

हे पत्रक बाई रोज भरतात. महिन्याअखेर बेरीज करतात. अठ्ठ्याण्णवपैकी चौऱ्याऐंशी, म्हणजे शेकडा पंच्याऐंशीच्या वर. या आकड्याने कुणी दचकत नाही. आणि पत्रकावर तारखा असतात, वार कुणी वाचत नाही. मीही तीस वर्षं हेच केलं. पालकांना हजेरीचा आकडा सांगायचा आणि पुढे जायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाच्या कर्तव्यांत हे घातलं आहे. कलम चोवीस म्हणतं, पालकांच्या नियमित सभा घ्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती आणि इतर काही असेल तर ते त्यांना सांगा. आम्ही त्याच क्रमाने सांगत आलो. पालकांकडून काय ऐकायचं, ते त्यात लिहिलेलं नाही. मंगळवारी मुलगी गप्प असते, ही एकच गोष्ट शाळेकडे नव्हती आणि बाकीचं सगळं तिच्यावर अडलं होतं.

चार मिनिटं झाली. आता वही.

बाई गणिताची वही दोघींच्या मधे उघडतात. पानावर तारखा आहेत. शनिवारच्या पानावर २/७ + ३/७ = ५/७. बरोबर. खालची पाचही बरोबर. छेद सारखे असले की हिला येतं. पान उलटलं की पुढची तारीख मंगळवारची. मधलं पान नाही. मंगळवारी लिहिलंय, २/३ + १/४ = ३/७. त्याच्यावर लाल फुली.

‘ताई, तुम्हाला एक विचारते. दोन-तृतीयांश भाकरी आहे. म्हणजे भाकरीचे तीन सारखे तुकडे केले, त्यातले दोन. त्यात पाव भाकरी आणखी ठेवली. वाढली का कमी झाली?’

‘वाढली की.’

‘हिने उत्तर काढलंय तीन-सप्तमांश. सात तुकड्यांतले तीन. म्हणजे अर्धीपेक्षा कमी.’

आई वहीकडे वाकते. ‘म्हंजे दोन टाकून वर घातली, आनि उरली कमीच?’

‘हो ना. वरचे आकडे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. छेद वेगळे असले तर आधी सारखे करायचे असतात. तिनाचे आणि चाराचे बारा करायचे. आठ-बारांश आणि तीन-बारांश, मिळून अकरा-बारांश. जवळजवळ अख्खी भाकरी. हे मी सोमवारी शिकवलं.’

दोघी वहीकडे पाहत राहतात. आईच्या चेहऱ्यावरचा ताण वेगळ्याच जागी सरकतो. पोरीचं डोकं चालत नाही, अशी भीती घेऊन ती जिना चढली होती. आता तिला नेमकं एक पान दिसतंय, जे वहीत नाही.

आणि इथंच घसरायला होतं. इथून ‘मुलीला घरी ठेवू नका’ हे वाक्य तोंडात येतं. बरोबरच आहे ते. पण ते म्हटलं की ही बाई मान खाली घालून हो म्हणेल आणि सोमवारी बाजार उठणार नाहीच. बाई वेगळं विचारतात. ‘बारक्याला किती पूर्ण?’

‘जानेवारीत तीन हुतील.’

‘मग अंगणवाडीत घेतील त्याला. जानेवारीपर्यंत किती सोमवार आहेत? सात. या सातांत कुणाची मदत होईल का?’

आई विचार करते. बोटं मोजते. तिची जाऊ आहे, पण जावेचंही स्वतःचं आहे. एका आड एक सोमवार ती सांभाळेल, विचारून बघावं लागेल. सगळे सोमवार नाही जमायचे. बाई ‘प्रयत्न करा’ म्हणत नाहीत. ‘एका आड एक लिहू का?’ विचारतात. आई हो म्हणते.

टकटक. आठ मिनिटं.

‘आता माझं लिहा,’ बाई मला सांगतात. ‘सोमवारी गणितात नवा भाग काढणार नाही, सराव घेईन. नवा भाग मंगळवारी. आणि सुटलेलं पान येत्या मंगळवार-बुधवारी मधल्या सुट्टीत, पंधरा-पंधरा मिनिटं.’

मी लिहिते. चिठ्ठीपुस्तकात कार्बन घातलाय. वरची प्रत घरी, खालची शाळेत. तीनच ओळी. शाळेत काय. घरी काय. पुन्हा कधी बोलायचं. तिसऱ्या ओळीत तारीख टाकते, वीस डिसेंबर, संध्याकाळी सातनंतर, फोनवर. आईला सातच्या आत फोन घेता येत नाही.

बाई हाक मारतात. मुलगी येते, भाऊ खांद्यावर झोपलाय. तिला चिठ्ठी वाचायला सांगतात. ती वाचते, हळू, स्पष्ट, अडत नाही. ‘एका आड एक’ वाचताना आईकडे बघते. मग पुन्हा कागदाकडे. आई सही करते, नाव पूर्ण काढते, शेवटचं अक्षर रेघेबाहेर जातं.

दहा एकोणीस. खुर्ची रिकामी होते. बाई कार्डावरचा तो जुना प्रश्न पेन्सिलने खोडतात.

दहा चाळीसची कोरी ओळ. या वेळी कुणी उशिरा आलेलं नाही. बाई खिडकीशी उभ्या राहून पाणी पितात, घटाघट. मैदानात पालकांबरोबर आलेली मुलं लंगडी खेळतायत. ऊन आता पांढरं झालंय. मामा जिन्याखालच्या माठावर ओलं फडकं टाकतात. व्हरांड्यात बसलेल्यांच्या हातांत प्रगतिपुस्तकांचे पंखे. कुणी घड्याळाकडे बघून चिडलेलं दिसत नाही. प्रत्येकाला आपला आकडा ठाऊक आहे.

पण सगळं सरळ जात नाही. अकरा वाजता एक जोडपं येतं आणि खुर्चीवर बसल्या बसल्या एकमेकांशीच बोलायला लागतं. हा म्हणतो मोबाइल तू देतेस, ती म्हणते तुम्ही घरी असता कधी. तीन मिनिटं त्यांची म्हटलं होतं, ती भांडणात गेली. बाई चौथ्या मिनिटाला वही उघडून मधे ठेवतात. काही म्हणत नाहीत. दोघांचे डोळे वहीवर येतात आणि आवाज उतरतो. ठरायचं ते मात्र निम्मंच ठरतं. मी चिठ्ठीत एकच ओळ लिहू शकले.

त्याच्यानंतर एक आजोबा. त्यांची सात मिनिटं मोठ्या नातवावर जातात, जो या वर्गात नाहीच. बाईंना त्यांना थांबवता येत नाही. आजोबांचा आवाज कापरा आहे, थांबवणं बरंही दिसलं नसतं. ठरलेला क्रम तिथे मोडतो. मोडू द्यावा, असं मला वाटतं. टकटक होते तेव्हा ते स्वतःच उठतात. चिठ्ठी कोरी. बाई कार्डाचा कोपरा दुमडून ठेवतात, फोन करायचा.

अकरा अठ्ठावीस. एक आई. शांत, नीटस. तिची नऊ मिनिटं पुस्तकात लिहावी तशी झाली. मुलगा चांगला, हजेरी पूर्ण, मराठीच्या निबंधात परिच्छेद पाडत नाही, एवढंच. चिठ्ठी झाली, सही झाली. ती उठते, पर्स खांद्याला लावते, दारापर्यंत जाते. दाराच्या चौकटीवर हात ठेवते आणि वळते.

‘बाई, जाता जाता एक विचारू? तो पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलाय. दोन महिने झाले.’

खरं बोलणं असं दारात येतं. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की पालक उठला तरी माझं लक्ष त्याच्या पाठीवर असतं. खुर्चीवर बसून माणूस विचारायचं ते विचारतो. मनात असलेलं चौकटीपाशी विचारतो, कारण तिथून लगेच बाहेर पडता येतं.

बाहेर पुढचे पालक उभे राहिलेत. उरलंय अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात उत्तर देणं म्हणजे ‘होतं असं, काळजी करू नका’ म्हणणं. बाई तसं म्हणत नाहीत. उठून दारापाशी जातात, आवाज खाली आणतात. ‘बरं झालं सांगितलंत. हे दहा मिनिटांचं नाही. मंगळवारी चार वाजता येता? अर्धा तास फक्त आपण दोघी. तोवर त्याला रागवू नका आणि डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.’ टेबलाच्या कडेला वेगळी छोटी डायरी आहे. त्यात मंगळवार, चार वाजता. डायरीत आज ही तिसरी नोंद. पहिली फीची, दुसरी दोन मुलांमधल्या मारामारीची. असले विषय या खुर्चीवर उघडायचेच नाहीत, हे बाईंनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. इथे कळलं तर वेगळी वेळ द्यायची आणि ती त्याच क्षणी लिहून द्यायची. ‘नंतर बोलू’ म्हटलं की नंतर येत नाही.

ती बाई जिना उतरते. पायऱ्यांवर थांबून डोळे टिपते, मग पर्स सावरून चालू लागते.

बारा. पत्रा आता बोलत नाही, नुसता भट्टीसारखा धग सोडतो. बाईंचा आवाज बसलाय. ‘तीन मिनिटं तुमची’ हे वाक्य मघापेक्षा खरखरीत येतं, पण येतं. शेवटच्या तिघांत एक तो बाप आहे, ज्याने लिहिलं होतं, तो घरी बोलत नाही. बाई कार्ड उलटं ठेवतात. लाल रेघ मारलेली चिठ्ठी समोर धरतात आणि म्हणतात, ‘तुमच्याच प्रश्नापासून सुरू करू.’ बाप सावरून बसतो. त्याची तीन मिनिटं पाच होतात. वहीचा वेळ त्यात जातो. बाईंना चालतं, त्यांना वही नंतरही पाहता येईल. मुलगा शाळेत बोलतो का, याचं उत्तर असं, की बोलतो, पण मधल्या सुट्टीत, एकाच मित्राशी. बापाला त्या मित्राचं नाव माहीत नव्हतं. तो ते तळहातावर पेनाने लिहून घेतो. मी कागद पुढे केला होता.

बारा एकतीस. व्हरांडा रिकामा. बाकावर कुणाची तरी रुमालाची घडी राहिली आहे. मामा कागद दारावरून सोडवतात, चिकटपट्टी रंग घेऊन निघते.

बाई खुर्चीवरच बसून आहेत. खालच्या प्रती माझ्याकडून घेतात आणि तारखेप्रमाणे लावतात, परत बोलायची सगळ्यात जवळची तारीख वर. अठरा चिठ्ठ्या आहेत, पालक एकवीस आले. उरलेली तीन कार्डं कोपरे दुमडून वेगळी ठेवलीत. जोडप्याची चिठ्ठी एकाच ओळीची, तिच्यावर त्या प्रश्नचिन्ह काढतात.

मग टाचणवही उघडतात. पुढच्या आठवड्याचं पान. सोमवारच्या चौकटीत लिहिलेलं आहे, अपूर्णांक, गुणाकार. त्या त्यावर आडवी रेघ मारतात. वर लिहितात, सराव. गुणाकार खाली मंगळवारी उतरवतात. मंगळवारी आधीच भूमिती आहे. ती बुधवारात ढकलतात आणि बुधवारचं काय करायचं, म्हणून पेन्सिल दातात धरून पानाकडे पाहत बसतात.